संग्रहालयातल्या लेबलांच्या फोटोंवरून अहवाल कसा करायचा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, एका दुपारी माणूस सहज शंभरेक फोटो काढतो. निम्मे वस्तूंचे, निम्मे त्यांच्या शेजारच्या लेबलांचे. त्यातून वस्तू, काळ आणि टीप अशा रकान्यांचा नीट अहवाल करायचा असेल, तर बहुतेकांना वाटतं की मुख्य कष्ट टायपिंगचे आहेत. टायपिंग हल्ली मोबाइलच करून देतो. खरं काम काळाच्या रकान्यात आहे. वस्तूचं नाव चुकलं तर वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. काळ चुकला तर तो आकडा निमूटपणे तक्त्यात बसून राहतो. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या थोडक्यात उरकल्या आहेत आणि काळावर जास्त वेळ घालवला आहे.

उदाहरणं याच संग्रहालयातली घेतली आहेत, कारण एकाच इमारतीत प्राचीन इराकमधल्या अश्शूरच्या राजवाड्यातले शिल्पफलक, सिंधमधल्या स्तूपावरची मातीची शिल्पं आणि टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू, असं सगळं पाहायला मिळतं. मात्र खाली लेबलाचा जो मजकूर दिला आहे तो नमुना म्हणून मी रचलेला आहे. तिथल्या पाटीवरचे शब्द तुम्ही तुमच्या फोटोवरूनच घ्या.

फोटो काढतानाच अर्धा अहवाल होतो

तिकीट खिडकीवर फोटोबद्दल विचारून घ्या. काही ठिकाणी वेगळं शुल्क असतं, काही दालनांत फोटोला बंदी असते, आणि फ्लॅश बहुतेक ठिकाणी चालत नाही. फ्लॅशने काचेवर पांढरा डाग पडून लेबल वाचता येत नाही, तेव्हा परवानगी असली तरी तो बंदच ठेवा.

क्रम एकच ठेवा आणि शेवटपर्यंत मोडू नका: दालनात शिरताना दालनाच्या नावाची पाटी, मग वस्तू, मग तिचं लेबल, मग पुढची वस्तू, तिचं लेबल. फोटो वेळेच्या क्रमाने लागतात, त्यामुळे जोड्या आपोआप जुळतात. एखादी वस्तू आवडली म्हणून तिचे पाच फोटो काढले तरी हरकत नाही, फक्त त्या पाचांनंतर लगेच तिचंच लेबल आलं पाहिजे.

काचेच्या कपाटात बऱ्याचदा दहा-बारा वस्तू असतात आणि खाली एकच लांब लेबल असतं, १ ते १२ आकडे टाकलेलं. इथे नवखा माणूस हमखास फसतो: लेबलाचा फोटो असतो, सुट्या वस्तूंचे फोटो असतात, पण कुठली वस्तू चौथी आणि कुठली सातवी हे कुठेच नसतं. अशा कपाटाचा एक फोटो जरा मागे सरकून काढा, ज्यात वस्तूंपुढचे आकड्यांचे छोटे ठोकळेही दिसतील. घरी आल्यावर त्या एका फोटोवर सगळं अवलंबून असतं.

काचेत स्वतःचं प्रतिबिंब किंवा वरचा दिवा दिसत असेल तर मोबाइल काचेला जवळजवळ टेकवा आणि किंचित तिरका करा. सोबत कोणी गडद रंगाचे कपडे घातलेलं असेल तर त्याला दिव्याच्या आणि काचेच्या मध्ये उभं करा, चकाकी बरीच जाते. लेबल मात्र शक्यतो समोरून घ्या. तिरक्या फोटोत अक्षरं एका बाजूला लहान होतात आणि मजकूर ओळखणारं ॲप नेमकं तिथेच अडखळतं. दालनातून बाहेर पडण्याआधी शेवटचे चार-पाच फोटो मोठे करून पाहा. आकडे वाचता आले तर पुढे जा.

आणखी एक गोष्ट, विशेषतः गटाने गेला असाल तर. फोटो एकमेकांना व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नका. तिथे फोटो दाबून लहान होतो, त्याचं नाव बदलतं आणि तो कधी काढला ही आतली नोंद निघून जाते. म्हणजे वस्तू आणि लेबलाची जोडी जुळवण्याचा दुवाच तुटतो. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा सगळ्यांनी मिळून ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाका.

लेबलावरचा मजकूर उतरवणं

तीस-चाळीस लेबलं असतील तर गूगल लेन्स पुरेसं आहे. फोटो उघडायचा, मजकूर निवडायचा, कॉपी करायचा. दुसरा मार्ग म्हणजे फोटो ड्राइव्हवर टाकून संगणकावर Open with मधून Google Docs निवडणं. नवीन दस्तऐवजात वर फोटो आणि खाली मजकूर येतो, त्यामुळे तिथल्या तिथे पडताळता येतं. लेबलं शेकड्यांनी असतील आणि कमांड चालवायची सवय असेल तर टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम मराठीही वाचतो:

```
tesseract IMG_0412.jpg IMG_0412 -l mar+eng --psm 6
```

याने त्याच नावाची .txt फाइल तयार होते. त्याआधी मराठीची डेटा फाइल बसवलेली असावी लागते. आयफोनचे फोटो आधी जेपीजीमध्ये बदलून घ्या. थोड्या लेबलांसाठी मात्र या भानगडीत पडू नका. ते बसवण्यात जितका वेळ जाईल तितक्यात हाताने टाइप करून होईल.

कुठल्याही मार्गाने मजकूर काढला तरी काही चुका ठरलेल्या असतात. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, त्यामुळे मराठी-इंग्रजी मिश्र लेबलात ‘१२ वे शतक’ हे ‘९२ वे शतक’ होऊन येतं. हे निदान हास्यास्पद असल्यामुळे पकडता येतं. ‘११’ चं ‘१९’ झालं तर ते अगदी खरं वाटतं. ‘सु.’ म्हणजे सुमारे, पण तो कधी ‘मु.’ होतो, आणि मग एखाद्या मूर्तीचा काळ मुक्कामाचा पत्ता असल्यासारखा दिसतो. सगळ्यांत वाईट म्हणजे ‘इ.स.पू.’ मधला ‘पू.’ गळतो. अक्षर बारीक, वर टिंबं तीन, त्यातलं एखादं लेबलावरच्या धुळीत मिसळलेलं. ‘इ.स.’ तेवढं उरतं आणि वाक्य तरीही पूर्ण दिसतं.

म्हणून उतरवलेल्या मजकुरातला प्रत्येक आकडा आणि त्याच्या आधीची अक्षरं फोटोशी ताडून पाहायची. बाकीचा मजकूर वरवर वाचला तरी चालेल. पाटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तिन्ही मजकूर असतील तर काळ तिन्हींत वाचा. एकात गळलेलं दुसऱ्यात सापडतं. क्वचित पाटीवरच दोन भाषांत दोन वेगळी शतकं छापलेली असतात. तसं दिसलं तर स्वतः निवाडा करू नका. दोन्ही लिहा आणि शंकेच्या रकान्यात नोंद करा.

तक्त्याचे रकाने

गूगल शीट्स किंवा एक्सेल, काहीही चालेल. पहिल्यांदाच करत असाल तर एवढे रकाने पुरेत: अनुक्रमांक, दालन, वस्तू, माध्यम, सापडल्याचं ठिकाण, काळ जसा लेबलावर आहे तसा, सुरुवातीचं वर्ष, शेवटचं वर्ष, नोंदणी क्रमांक, टीप, लेबलाच्या फोटोचं नाव, शंका.

माध्यम म्हणजे वस्तू कशाची आहे: कांस्य, पितळ, बेसाल्ट, भाजलेली माती, हस्तिदंत. सापडल्याचं ठिकाण आणि संग्रह यांत गल्लत करू नका. ‘सर रतन टाटा संग्रह’ असं लेबलावर असेल तर ती वस्तू संग्रहालयाकडे कोणाकडून आली हे कळतं. ती कुठे घडली किंवा कुठे सापडली हे कळत नाही. अशा वस्तू फार असतील तर संग्रहासाठी वेगळा रकाना करा, नाही तर टिपेत लिहा.

नोंदणी क्रमांकाचाही एक सापळा आहे. अनेक संग्रहालयांत या क्रमांकाचा पहिला भाग वस्तू दाखल झाल्याच्या वर्षाचा असतो. तो आकडा काळाच्या शेजारी छापलेला असला की घाईत काळ समजून उतरवला जातो. लेबलाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, टिंब किंवा तिरकी रेघ असलेला आकडा दिसला तर तो बहुधा नोंदणी क्रमांकच. तो जरूर उतरवा. पुढे कधी त्याच वस्तूबद्दल संग्रहालयाला विचारायचं झालं तर नाव नाही, तो क्रमांकच कामाला येतो.

काळ: लेबलावरचा आणि तुम्ही काढलेला

काळासाठी तीन रकाने का, हा प्रश्न रास्त आहे. पहिल्यात लेबलावरचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे, ‘सु.’ सकट, प्रश्नचिन्ह असेल तर त्यासकट. ते तुमचे शब्द नाहीत, त्यामुळे त्यांना हात लावायचा नाही. पुढचे दोन रकाने आकड्यांचे, आणि ते तुम्ही काढलेले असतात. त्यांच्यामुळे तक्ता काळानुसार लावता येतो, कारण ‘पेशवेकालीन’, ‘इ.स.पू. २ रे शतक’ आणि ‘१७६०’ हे तिन्ही एका रकान्यात असतील तर कुठलंही शीट त्यांचा क्रम लावू शकत नाही.

सुरुवात करण्याआधी एक सेटिंग बदला. लेबलावरच्या काळाचा रकाना निवडून गूगल शीट्समध्ये Format > Number > Plain text करा. नाही तर ‘5-6’ टाइप केलं की शीट त्याची ५ जून ही तारीख करून टाकतं, आणि गुप्तकाळाच्या आसपासचं शिल्प चालू वर्षाच्या पावसाळ्यात जाऊन बसतं. उलट सुरुवातीच्या आणि शेवटच्या वर्षाचे रकाने आकड्यांचेच ठेवा आणि त्यांत इंग्रजी अंक टाइप करा. देवनागरी अंकांना शीट अक्षरं समजतं आणि मग क्रम लावताना १० हा २ च्या आधी येतो. अहवाल छापताना देवनागरी करून घेता येतात.

आता शतकाचं गणित. इसवीचं बारावं शतक ११०१ ते १२००. इ.स.पू. दुसरं शतक २०० पासून १०१ पर्यंत, कारण इसवी सनापूर्वीची वर्षं उतरत्या क्रमाने चालतात. शीटमध्ये इ.स.पू. वर्ष उणे चिन्हाने लिहायचं, म्हणजे -200 आणि -101. शतकाचा आकडा एका जादा रकान्यात, समजा M मध्ये, लिहिला आणि इ.स.पू. असेल तर त्याला उणे चिन्ह दिलं, तर सुरुवातीचं वर्ष असं निघतं:

```
=IF(M2>0,(M2-1)*100+1,M2*100)
```

आणि शेवटचं असं:

```
=IF(M2>0,M2*100,(M2+1)*100-1)
```

‘पाचवं-सहावं शतक’ असेल तर पहिल्या शतकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट घ्यायचा: ४०१ ते ६००. ‘बाराव्या शतकाचा पूर्वार्ध’ म्हणजे ११०१ ते ११५०. ‘सुमारे १७६०’ साठी लोक आपल्या मनाने पाच-दहा वर्षं मागेपुढे धरतात. मी दोन्ही रकान्यांत १७६०च लिहितो. ‘सुमारे’ हा शब्द शेजारच्या रकान्यात आहेच.

घराण्यांची नावं जास्त त्रास देतात. ‘पेशवेकालीन’ सोपं आहे: बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. पण ‘सातवाहनकालीन’ म्हटलं की सातवाहनांची सुरुवात नेमकी कधी यावरच अभ्यासकांत एकमत नाही. अशा वेळी लेबलावर फक्त घराण्याचं नाव असेल तर तुम्ही जे आकडे घालाल ते तुमचे असतात, संग्रहालयाचे नाहीत. ते घाला, कारण त्याशिवाय ओळ क्रमात येणार नाही, पण शंकेच्या रकान्यात ‘वर्षं माझी’ एवढे दोन शब्द लिहा. एका घराण्यासाठी सगळ्या तक्त्यात एकच आकडे वापरा. सातवाहनांची एक ओळ -200 पासून आणि दुसरी -100 पासून सुरू झाली तर तक्ता वाचणाऱ्याला त्यात काही अर्थ आहे असं वाटेल, जो नाही.

शक, संवत आणि शुहूर

महाराष्ट्रातल्या संग्रहालयांत ताम्रपट, शिलालेख, तोफा, कागदपत्रं यांच्या लेबलांवर शकाचं वर्ष हमखास असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून तिथी पौषाच्या उत्तरार्धातली, माघातली किंवा फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवावे लागतात. पौषात दोन्ही शक्यता असतात, तेव्हा नेमकी तारीख हवी असेल तर जंत्री पाहावी. विक्रम संवतातून ५७ वजा करतात, वर्षाच्या शेवटच्या भागात ५६.

मराठेशाहीतल्या कागदांवर शुहूर सन असतो, आणि तो अंकांत नसून अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एकक आधी. तो मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतं, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. ताळा घ्यायला एक माहितीतली तारीख पुरे. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला: १५९६ आणि ७८ मिळून १६७४. त्या वर्षाचा शुहूर सन ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवले की पुन्हा १६७४. नवीन शुहूर वर्ष नुकतंच लागलेलं होतं, म्हणून ५९९. तुमचं गणित या तारखेवर बरोबर उतरलं तर पद्धत बरोबर आहे.

लेबलावर शक आणि इसवी सन दोन्ही दिले असतील तर तरीही एकदा बेरीज करून पाहा. ७८ किंवा ७९ चा फरक नसेल तर कुठला तरी एक आकडा उतरवताना चुकला आहे, आणि बहुतेक वेळा तो तुमच्याकडूनच चुकलेला असतो.

तीन वस्तू, तीन ओळी

पहिली वस्तू: अश्शूरचा शिल्पफलक. समजा लेबलावर आहे, ‘उठावशिल्प, जिप्सम दगड, निमरूद, अशुरनासिरपाल दुसरा, इ.स.पू. ८८३–८५९’. इथे काळ म्हणजे राजाची कारकीर्द. फलक त्या काळात कधीतरी कोरला गेला, ८८३ मध्येच नव्हे. आकडे -883 आणि -859. ‘पू.’ गळला असता तर हा राजा आपल्या अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या मांडीला मांडी लावून बसला असता, कारण तोही इसवीच्या नवव्या शतकातलाच. पण कारकिर्दीच्या बाबतीत ही चूक शीटच पकडून देतं. इ.स.पू. मध्ये मोठा आकडा आधी येतो, तेव्हा उणे चिन्ह विसरलं की सुरुवात ८८३ आणि शेवट ८५९ असा उलटा क्रम होतो. सुरुवात G आणि शेवट H मध्ये असेल तर शेवटी एका रकान्यात हे टाकून ठेवा:

```
=IF(G2>H2,"तपासा","")
```

हे सूत्र ‘इ.स.पू. २ रे शतक’ मधला गळलेला ‘पू.’ मात्र पकडत नाही, कारण तिथे एकच शतक आहे आणि १०१ ते २०० हा क्रम सरळच दिसतो. तिथे डोळेच लागतात.

दुसरी वस्तू: मीरपूर खासचं मातीचं शिल्प. सिंधमधल्या मीरपूर खासजवळच्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलं, आणि तिथली भाजलेल्या मातीची सुंदर शिल्पं या संग्रहालयात आहेत. लेबल असं धरू: ‘बुद्ध, पक्वमृदा, मीरपूर खास, सिंध, ५ वे–६ वे शतक’. माध्यमाच्या रकान्यात ‘पक्वमृदा’ हा लेबलावरचाच शब्द ठेवा. शाळेतल्या मुलांसाठी अहवाल असेल तर टिपेत ‘भाजलेली माती’ लिहा. ठिकाणाच्या रकान्यात ‘मीरपूर खास, सिंध’ तसंच ठेवून टिपेत ‘आता पाकिस्तानात’ एवढं जोडा. काही जण ठिकाणाच्या रकान्यातच आजचा देश घालतात, आणि मग अर्ध्या ओळींत जुनं नाव, अर्ध्यांत नवं, असा घोळ होतो.

तिसरी वस्तू सगळ्यांत फसवी: परळच्या शिवाच्या भव्य शिल्पाची प्रतिकृती. मूळ शिल्प १९३१ मध्ये परळला सापडलं, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं मानलं जातं, आणि ते परळच्या बारादेवी मंदिरात आजही पूजेत आहे. संग्रहालयात आहे ती प्लास्टरची प्रत. म्हणजे इथे दोन काळ आहेत. वस्तूच्या रकान्यात ‘शिव, परळ (प्रतिकृती)’ असं स्पष्ट लिहा, वर्षांच्या रकान्यात मूळ शिल्पाची वर्षं द्या, माध्यमात प्लास्टर लिहा, आणि टिपेत मूळ कुठे आहे ते सांगा. ‘प्रतिकृती’, ‘साचा’, ‘प्लास्टर’ हे शब्द लेबलावर बारीक अक्षरात कोपऱ्यात असतात. जे शिल्प समोर पाहिलं त्याचा दगड कुठला, असा प्रश्न अहवालात पडू नये.

तक्त्यात या ओळी अशा दिसतील (सगळे रकाने इथे मावत नाहीत, म्हणून काहीच दिले आहेत):

| वस्तू | माध्यम | काळ (लेबल) | सुरुवात | शेवट | शंका |
|---|---|---|---|---|---|
| उठावशिल्प | जिप्सम | इ.स.पू. ८८३–८५९ | -883 | -859 | |
| बुद्ध | पक्वमृदा | ५ वे–६ वे शतक | 401 | 600 | |
| शिव, परळ (प्रतिकृती) | प्लास्टर | ५ वे–६ वे शतक | 401 | 600 | वर्षं मूळ शिल्पाची |

टीप किती लांब

दोन वाक्यं, फार तर तीन. पहिल्या वाक्यात लेबलाने सांगितलेली अशी गोष्ट जी दुसऱ्या रकान्यात नाही: कोणी दान दिलं, कुठल्या प्रसंगाचं चित्रण आहे, लेख कुठल्या लिपीत आहे. दुसऱ्यात तुम्हाला दिसलेलं: नाक तुटलेलं आहे, मागची बाजू कोरलेली नाही, रंगाचे अवशेष अजून आहेत. ही दोन वाक्यं मिसळू नका. मी स्वतःच्या वाक्याच्या आधी ‘पाहणी:’ असं लिहितो, म्हणजे कोणाचं म्हणणं कोणाच्या तोंडी जात नाही.

लेबलावरची विशेषणं टाळा. ‘अप्रतिम’, ‘मनोहारी’, ‘कलेचा उत्कृष्ट नमुना’ हे शब्द उतरवले की पन्नास ओळींच्या पन्नास टिपा एकसारख्या होतात आणि पुन्हा कोणी त्या वाचत नाही. परळच्या प्रतिकृतीसाठी टीप अशी होईल: ‘१९३१ मध्ये परळला सापडलेल्या शिल्पाची प्रत; मूळ बारादेवी मंदिरात. पाहणी: मधल्या उभ्या आकृतीतूनच वर आणि बाजूंना आणखी आकृत्या फुटलेल्या.’

विकिपीडियावरून किंवा पुस्तकातून काही घ्यायचं असेल तर ते टिपेत घुसवू नका. खरंच गरज असेल तर आणखी एक रकाना करा आणि त्यात कुठून घेतलं ते लिहा. भेटीचा अहवाल म्हणजे त्या दिवशी तिथे काय लिहिलेलं होतं आणि काय दिसलं याची नोंद. लेबलं पुढे बदलतातही, आणि तेव्हा तुमचा जुना फोटो आणि त्याला चिकटून असलेली ओळ उपयोगी पडते.

ताळा

सगळं भरून झाल्यावर आधी मोजणी करा. लेबलांचे फोटो किती, ओळी किती. गट-लेबलांमुळे ओळी जास्त येतील, ते ठीक. कमी आल्या तर काहीतरी सुटलं आहे. मग तक्ता सुरुवातीच्या वर्षाप्रमाणे लावा आणि वरून खाली नुसती नजर फिरवा. पितळी अडकित्ता सातव्या शतकात, किंवा तोफ दहाव्या शतकात दिसली तर ती ओळ थेट फोटोकडे न्या. मग माध्यमाप्रमाणे लावा: ‘कांस्य’, ‘कांसे’, ‘ब्राँझ’ असं एकाच धातूचं तीन तऱ्हेने लिहिलेलं लगेच उघडं पडतं. एक शब्द ठरवून सगळीकडे तोच करा. लेबलाचा शब्द हवाच असेल तर तो टिपेत जाऊ द्या.

शेवटची तपासणी दोघांनी मिळून केलेली बरी. एकाने फोटो उघडून फक्त काळ आणि नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवून हो किंवा नाही म्हणायचं. स्वतः लिहिलेलं स्वतः तपासताना डोळा जे असायला हवं तेच वाचतो. सगळ्या ओळी शक्य नसतील तर इ.स.पू. च्या आणि शकाच्या ओळी तरी एकही न सोडता घ्या.

अहवालाचं रूप

तक्ता तयार असला की अहवाल लिहायला फार लागत नाही. वर चार ओळी: संग्रहालयाचं नाव, भेटीची तारीख, कुठली दालनं पाहिली, कुठली बंद होती किंवा राहून गेली. राहिलेली दालनं लिहिणं महत्त्वाचं आहे, नाही तर वाचणाऱ्याला वाटतं की संग्रहालयात एवढंच आहे. त्याखाली एक छोटा खुलासा: ‘काळ लेबलाप्रमाणे दिला आहे. जिथे लेबलावर केवळ घराणं किंवा शक आहे तिथे इसवी सनाची वर्षं अहवाल लिहिणाऱ्याने काढली आहेत आणि तशी खूण केली आहे.’

मग नोंदी. मी त्या दालनानुसार न लावता काळानुसार लावतो, कारण दालनांचा क्रम इमारतीच्या सोयीचा असतो. अश्शूरचे फलक, मीरपूर खासचा बुद्ध आणि परळचा शिव पाहताना मध्ये जिने आणि दालनं येतात. अहवालात बुद्ध आणि शिव शेजारी येतात, आणि सिंध व मुंबई इथलं शिल्पकाम साधारण एकाच काळातलं आहे हे तक्ता बघतानाच कळतं. शाळा-कॉलेजच्या क्षेत्रभेटीचा अहवाल असेल आणि शिक्षकांनी दालनवार मागितला असेल तर तसा द्या. दालनाचा रकाना आहेच, पुन्हा क्रम लावायला दोन क्लिक लागतात.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी लेबलाच्या फोटोचं नाव छापा, आणि मूळ फोटोंचा फोल्डर अहवालासोबतच ठेवा, नावं न बदलता. कोणी विचारलं की हे ६०० कुठून आलं, तर दाखवायला IMG_0412 हातात असतो.